प्रसूती रजेनंतर रुजू होतानाचा मेल: एका पगार विभागाचे प्रकरण

एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या पगार विभागात आठ जण काम करतात. दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत हजेरी, रजा आणि भत्त्यांची माहिती गोळा होते, २४ तारखेपर्यंत कच्चा हिशेब तपासून होतो आणि २७ तारखेला पगाराची फाइल बँकेकडे जाते. या विभागाच्या प्रमुख सहा महिन्यांच्या प्रसूती रजेनंतर ११ तारखेला, बुधवारी, कामावर रुजू होणार होत्या. त्यांच्या अनुपस्थितीत एका वरिष्ठ सहकाऱ्यांकडे प्रभारी प्रमुखपद होते. दुसऱ्या एका सहकारी पगाराच्या सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराशी होणारा सगळा व्यवहार पाहत होत्या, तर कर्मचाऱ्यांच्या शंका आणि तक्रारींना उत्तरे देण्याचे काम विभागातील सर्वांत कनिष्ठ सहकारी करत होती. रुजू होण्याच्या दिवशी विभागाला पाठवायच्या मेलचा मसुदा प्रमुखांनी आधीच्या आठवड्यात तयार केला आणि मनुष्यबळ विभागात काम करत असल्यामुळे मला वाचायला दिला. येथे नावांऐवजी पदे वापरली आहेत; मूळ मेलमध्ये अर्थातच नावे होती.

पहिल्या मसुद्यातील मुख्य परिच्छेद असा होता:

> "माझ्या रजेमुळे तुम्हा सर्वांवर कामाचा जो बोजा पडला, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. तुम्ही सर्वांनी सांभाळून घेतलेत, याबद्दल सर्वांचे खूप खूप आभार. आता मी पूर्ण वेळ परत आले आहे, त्यामुळे सर्व कामे पूर्ववत माझ्याकडे पाठवावीत. काहीही लागले तर कधीही फोन करा."

त्यानंतर बाळाचा जन्म, पहिले काही महिने आणि झोपेचे वेळापत्रक यांविषयी दोन परिच्छेद होते आणि सोबत एक छायाचित्र होते.

या मसुद्यात सद्भावना भरपूर होती, आणि तरीही तो तसाच गेला असता तर पहिल्या पंधरवड्यात घोटाळा झाला असता. "सर्व कामे पूर्ववत माझ्याकडे" हे वाक्य ११ तारखेला वाचणाऱ्या माणसाच्या जागी बसून पाहावे. हजेरीची माहिती यायला सुरुवात झाली आहे, दोन शाखांच्या भत्त्यांत दुरुस्त्या बाकी आहेत आणि नऊ दिवसांनी माहिती घेणे बंद होणार आहे. अशा वेळी एखादी दुरुस्ती मान्य करायची की नाही, हे प्रभारी प्रमुखांना विचारायचे की परत आलेल्या प्रमुखांना? प्रमुखांना गेल्या सहा महिन्यांत नियमांत झालेले बदल माहीत नाहीत. प्रभारींना ते माहीत आहेत, पण मेलनुसार त्यांचा अधिकार त्या सकाळीच संपला आहे. अशा परिस्थितीत माणसे दोघांनाही मेल पाठवतात, दोघेही सद्हेतूने उत्तर देतात आणि दोन उत्तरे जुळत नाहीत. पगाराच्या कामात याचा अर्थ कोणाच्या तरी खात्यात चुकीची रक्कम जाणे असा होतो.

म्हणून मसुद्याची भाषा सुधारण्याआधी मी त्यांना एकच प्रश्न विचारला: या महिन्याच्या २७ तारखेला फाइलवर अंतिम मंजुरी कोण देणार? त्यांच्याकडे उत्तर नव्हते, कारण हे त्यांच्या वरिष्ठांनीही ठरवलेले नव्हते. रुजू होण्याचा मेल अनेकदा इथेच फसतो. अधिकार कोणाकडे आहे हे कार्यालयाने ठरवलेले नसेल, तर ते मेल लिहिणारीला शब्दांच्या कौशल्याने ठरवता येत नाही; ती फक्त संदिग्ध वाक्ये लिहू शकते, आणि ती वाक्ये प्रत्येक जण आपापल्या सोयीने वाचतो. प्रमुख, त्यांचे वरिष्ठ आणि प्रभारी प्रमुख यांची एक छोटी बैठक सोमवारी, ९ तारखेला, फोनवर झाली. प्रमुख तेव्हा औपचारिकरीत्या रजेवर होत्या. त्यामुळे बैठकीची वेळ त्यांच्या सोयीने आणि त्यांच्या संमतीने ठेवली, आणि कामाच्या इतर कोणत्याही विषयाला हात लावायचा नाही असे आधीच ठरले होते.

या बैठकीत वरिष्ठांनी एक सूचना केली, जिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. प्रभारींचे काम उत्तम चालले आहे, प्रमुखांचे बाळ लहान आहे, तेव्हा मंजुरीचे काम आणखी सहा महिने प्रभारींकडेच राहू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. सूचना आपुलकीने आली होती. परंतु पगाराच्या फाइलची मंजुरी हा त्या पदाचा गाभा आहे, आणि गाभा काढून घेतलेले पद हे नावापुरतेच जुने पद उरते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००० साली स्वीकारलेल्या मातृत्व संरक्षणाच्या १८३ क्रमांकाच्या करारात, रजा संपल्यावर स्त्रीला त्याच किंवा समकक्ष पदावर, त्याच दराच्या वेतनावर परतण्याचा हक्क मान्य केलेला आहे. हा करार ज्या देशांनी स्वीकारला त्यांनाच तो लागू होतो आणि इतरत्र आपापले कायदे असतात, हे खरे. पण त्यामागील विचार कोणत्याही कार्यालयाने डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. काम हळूहळू परत घेणे आणि काम हळूहळू निसटून जाणे या दोन गोष्टी पहिल्या आठवड्यात सारख्याच दिसतात. पहिल्या गोष्टीला शेवटची तारीख असते, दुसरीला नसते, आणि फरक ओळखायचा तो एवढ्यावरूनच.

अखेर ठरले ते असे. चालू महिन्याची मंजुरी प्रभारीच देतील, कारण महिन्याच्या मध्यावर हात बदलणे धोक्याचे आहे. प्रमुख तपासणीला सोबत बसतील. पुढील महिन्याच्या १ तारखेपासून मंजुरी प्रमुखांकडे येईल. पुरवठादाराचा व्यवहार मात्र त्या सहकारींकडेच कायम राहील. तो प्रमुखांनी स्वतःहून दिला, कारण रजेवर जाण्यापूर्वीच ते काम कोणाकडे तरी सोपवावे असे त्यांच्या मनात होते. तसे लेखी नोंदवलेही गेले, म्हणजे पुढे कोणाला ते काढून घेतल्यासारखे वाटणार नाही.

अधिकाराचा प्रश्न सुटल्यावर आभारांकडे वळता आले. "सर्वांचे आभार" या वाक्यातली अडचण अशी की ते कोणालाच उद्देशून नसते. ज्याने सहा महिने जादा काम केले आणि ज्याच्या कामात काडीचाही फरक पडला नाही, त्या दोघांना ते सारखेच मिळते. नावे घ्यायची हे प्रमुखांना लगेच पटले. पण नावे घेताना एक धोका असतो. जी व्यक्ती सहा महिने तिथे नव्हती, तिला कोणी काय केले हे माहीत नसते. तिला फक्त जाताना केलेली वाटणी माहीत असते. कागदावरची वाटणी आणि प्रत्यक्षात झालेले काम यांत सहा महिन्यांत बरेच अंतर पडते.

हे अंतर शोधण्यासाठी प्रमुखांनी प्रभारींना विचारले, "अडचण आली की तुम्ही कोणाकडे जायचात?" प्रभारींनी ज्या सहकाऱ्याचे नाव घेतले, तो वाटणीत कुठेच नव्हता. विभागाच्या कामाच्या नोंदी पाहिल्यावर उलगडा झाला. पगार जमा झाल्यानंतर बंद खात्यांमुळे किंवा चुकीच्या खाते क्रमांकांमुळे काही रकमा बँकेतून परत येतात. त्या कोणाच्या आहेत हे शोधणे, योग्य खाते मिळवणे, रक्कम पुन्हा पाठवणे आणि शेवटी हिशेबाच्या वहीशी जुळवणी करणे हे काम रजेपूर्वी प्रमुख स्वतःच करत असत, आणि वाटणीच्या यादीत ते लिहायचे राहून गेले होते. तरीही गेल्या सहाही महिन्यांत ते झाले होते, आणि नोंदींवर प्रत्येक वेळी या सहकाऱ्याची सही होती. वाटणीच्या यादीप्रमाणे तिघांचेच आभार मानून मेल गेला असता, तर चौथ्याने तो वाचला असता आणि बहुधा काहीच बोलला नसता. न बोललेली नाराजी पुढच्या वेळी यादीबाहेरचे काम उचलायचे की नाही, हे ठरवताना उपयोगात येते.

शिवाय जाहीरपणे नाव घेण्यापूर्वी प्रमुखांनी चौघांनाही दोन वाक्यांचा निरोप पाठवून, मेलमध्ये त्यांच्याविषयी काय लिहिणार आहोत ते कळवले. त्यातून एक दुरुस्तीही मिळाली: शंकांची नोंदवही कनिष्ठ सहकारीने सुरू केली होती, पण तिचे वर्गीकरण प्रभारींनी सुचवले होते, आणि तसे लिहिले जावे हा आग्रह तिचाच होता.

बुधवारी सकाळी गेलेला मेल असा होता:

> विषय: आजपासून रुजू, या महिन्याचा पगार आणि कामांची विभागणी
>
> नमस्कार,
>
> मी आज, ११ तारखेपासून कामावर रुजू झाले आहे. बाळ आणि मी दोघेही छान आहोत. चौकशी करणाऱ्या सर्वांना धन्यवाद.
>
> आधी या महिन्याविषयी. २७ तारखेच्या फाइलची अंतिम मंजुरी या वेळी प्रभारी प्रमुखच देतील. महिनाअखेरपर्यंत हजेरी, भत्ते आणि दुरुस्त्यांविषयीचे प्रश्न त्यांनाच विचारावेत. मी तपासणीत त्यांच्यासोबत असेन, पण निर्णय त्यांचा असेल. पुढील महिन्याच्या १ तारखेपासून मंजुरी माझ्याकडे येईल. पुरवठादाराशी होणारा व्यवहार यापुढेही सध्या तो पाहणाऱ्या सहकारींकडेच राहील.
>
> गेल्या सहा महिन्यांत प्रभारींनी सहाही पगार वेळेवर काढले. २२ तारखेनंतर आलेल्या दुरुस्त्या पुढच्या महिन्यात घेण्याचा नियम त्यांनी केला. तो मी तसाच चालू ठेवणार आहे. पुरवठादाराकडे वर्षभर अडकलेली रजा शिलकीची दुरुस्ती आपल्या सहकारींच्या पाठपुराव्यामुळे मार्गी लागली. शंकांची नोंदवही आपल्या सर्वांत नव्या सहकारीने सुरू केली आणि तिचे वर्गीकरण प्रभारींनी सुचवले. यापुढे प्रत्येक शंका त्या वहीतच नोंदवावी. बँकेतून परत आलेल्या रकमांचे काम कोणी न सांगता आपल्या जुळवणी पाहणाऱ्या सहकाऱ्याने सहा महिने केले. पुढील महिन्यापासून ते मी परत घेईन. चौघांचीही मी ऋणी आहे.
>
> माझ्या कॅलेंडरवर रोज ११ ते ११:३० आणि ३ ते ३:३० या वेळा राखून ठेवल्या आहेत. त्या हलवता येणार नाहीत. बैठका कृपया त्याआधी संपतील अशा ठेवाव्यात. संध्याकाळी ५:३० नंतर मी उपलब्ध नसेन. मला अचानक जावे लागले, तर त्या दिवशीचे निर्णय प्रभारी घेतील, आणि १ तारखेनंतरही ही व्यवस्था राहील.
>
> रजेच्या काळात मला आलेले मेल मी वाचणार नाही. त्यातील एखादा विषय अजून बाकी असेल, तर तो शुक्रवार, १३ तारखेपर्यंत कृपया पुन्हा पाठवावा.

या मेलमध्ये आभार आणि अपेक्षा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या नाहीत, आणि मला ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. २२ तारखेच्या नियमाविषयीचे वाक्य आभार मानते आणि त्याच वेळी विभागाला सांगते की नियम बदलणार नाही. नोंदवहीविषयीचे वाक्य कनिष्ठ सहकारीचे श्रेय नोंदवते आणि उद्यापासून काय करायचे तेही सांगते. एखाद्याने केलेले काम पुढे चालू ठेवणे ही त्या कामाची खरी पावती असते. "फार छान सांभाळलेत" असे म्हणून दुसऱ्याच दिवशी जुनी पद्धत परत आणली, तर आभारांचे शब्द उलटे लागतात. आणि जे काम कोणाकडे राहणार नाही, त्याविषयीही मेल स्पष्ट आहे: परत आलेल्या रकमांचे काम पुढील महिन्यापासून प्रमुख परत घेणार आहेत, म्हणजे आभार मानून जादा काम कायमचे गळ्यात घातले, असे होत नाही.

दिलगिरीचे वाक्य गेले, याविषयी प्रमुखांच्या मनात थोडी चलबिचल होती. कोणावर खरोखर जादा काम पडले होते, मग त्याबद्दल वाईट वाटल्याचे का म्हणू नये? मला असे वाटते की जादा काम पडले ते कार्यालयाने बदली माणूस न दिल्यामुळे. रजा घेणाऱ्या स्त्रीने त्याची माफी मागितली, की ती जबाबदारी नकळत तिच्यावर येते, आणि त्या विभागात पुढे रजेवर जाणाऱ्या प्रत्येकीला तोच सूर लावावा लागतो. केलेल्या कामाचे ऋण मान्य करणे वेगळे, ते मेलमध्ये आहे.

बाळाविषयीचे दोन परिच्छेद एका ओळीवर आले. ज्यांना पाहायचे होते त्यांना छायाचित्र नंतर प्रत्यक्ष दाखवता आले. आठ जणांच्या विभागात कोण कोणत्या प्रसंगातून जात आहे हे सर्वांना माहीत असतेच असे नाही. कोणी मूल होण्यासाठी उपचार घेत असेल, कोणाचे गर्भपाताचे दुःख ताजे असेल. कामाच्या मेलमधील ते छायाचित्र अशा व्यक्तीला टाळता येत नाही.

राखून ठेवलेल्या दोन वेळांचे कारण मेलमध्ये दिलेले नाही, आणि ते जाणीवपूर्वक. त्या वेळा दूध काढून ठेवण्यासाठी होत्या. ते वेळेवर झाले नाही तर स्तन भरून दुखू लागतात, असे वारंवार झाल्यास दूध तुंबून दाह होऊ शकतो आणि दुधाचे प्रमाणही घटत जाते. म्हणूनच "पंधरा मिनिटे पुढे ढकलू या" ही विनंती येथे चालत नाही. कारण वरिष्ठांना आणि मला माहीत होते, खोलीची सोय झाली होती, आणि वर उल्लेख केलेल्या करारानुसार अशा विरामांची गणना कामाच्या वेळेतच होते. विभागाला कारण नको होते. त्यांना हवे होते ते एवढेच की बैठक अकराच्या आधी संपली पाहिजे. एखादीला कारण उघड सांगावेसे वाटले तर तिने जरूर सांगावे, पण ते सांगणे ही वेळ मिळण्याची अट होता कामा नये.

अचानक जावे लागण्याविषयीचे वाक्य प्रमुखांनी आधी वगळले होते. परत आल्याबरोबर गैरहजेरीची भाषा नको, असे त्यांना वाटत होते. परंतु बाळ पाळणाघरात जाऊ लागले की पहिल्या काही महिन्यांत त्याला वरचेवर सर्दी-ताप होणे हे नेहमीचेच आहे, आणि पाळणाघरातून दुपारी फोन येतो तेव्हा निर्णय कोण घेणार याचा विचार करायला वेळ नसतो. ते वाक्य त्या आठवड्यात घातले नसते, तर ते पुढे एखाद्या धावपळीच्या दुपारी लिहावे लागले असते.

मेलबाहेर आणखी दोन पत्रे गेली. चौघांनी केलेल्या कामाविषयी प्रत्येकी तीन-चार ओळींचे टिपण प्रमुखांनी आपल्या वरिष्ठांना दिले, वार्षिक मूल्यमापनात ते जोडले जावे म्हणून. प्रभारींच्या जादा भत्त्याचा प्रश्नही त्यातच मांडला. विभागापुढे मानलेले आभार पगारवाढीच्या बैठकीपर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. दुसरे पत्र बँकेच्या आणि पुरवठादाराच्या संपर्कातील माणसांना गेले, कारण त्यांना या विभागणीतील दोन ओळींपलीकडे काही माहीत असण्याची गरज नव्हती.

मेल लागू पडला की नाही, हे ओळखण्याची खूण आम्ही आधीच ठरवून ठेवली होती: एकच प्रश्न दोघांनाही जात आहे का, एवढे पाहायचे. पहिल्या दोन दिवसांत सवयीने काही मेल थेट प्रमुखांकडे आले. त्यातील एक शाखेतून आला होता आणि २२ तारखेनंतर पाठवली जाणारी एक दुरुस्ती याच महिन्यात घ्यावी, अशी त्यात विनंती होती. प्रमुखांनी उत्तर न देता तो मेल "हा निर्णय आपला आहे" एवढे लिहून प्रभारींकडे पाठवला आणि शाखेलाही तसे कळवले. प्रभारींनी नियमाप्रमाणे नकार दिला. दुसऱ्या आठवड्यात असे मेल जवळजवळ थांबले. प्रमुखांनी त्या एका मेलला स्वतः "हो" म्हटले असते, तर बुधवारचा मेल तिथेच रद्द झाला असता.

एक गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली नाही. परत आलेल्या रकमांचे काम पुढील महिन्यापासून परत घेण्याचे प्रमुखांनी लिहिले होते, परंतु दरम्यान बँकेने त्या रकमांची यादी देण्याची पद्धत बदलली होती आणि नवी पद्धत फक्त त्या सहकाऱ्यालाच माहीत होती. एका महिन्यात ती शिकून हाती घेणे जमणार नव्हते. प्रमुखांनी २८ तारखेला विभागाला चार ओळींचा दुसरा मेल पाठवला: हे काम आणखी एक महिना दोघे मिळून करतील, त्या महिन्यात त्या सहकाऱ्याकडील हजेरीच्या तपासणीचे काम त्या स्वतः पाहतील, आणि त्यानंतर परत आलेल्या रकमांचे काम पूर्णपणे प्रमुखांकडे येईल. मेल पाठवण्यापूर्वी त्यांनी ही अदलाबदल त्या सहकाऱ्याला विचारून घेतली होती.